पंख स्थिर हवेतून निघतो, मग त्याच्याभोवतीचं सर्क्युलेशन येतं कुठून?

निळीशाई · सोमवार, रात्री १०:४०

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात आम्हाला केल्विनचा सिद्धांत शिकवला. द्रवाच्या कणांची एक बंद माळ मनातल्या मनात ओवायची आणि त्याच कणांच्या मागे मागे जायचं. माळ ताणली, वाकली, वेडीवाकडी झाली तरी तिच्याभोवतीचं सर्क्युलेशन, म्हणजे माळेवरून एक फेरी मारताना होणारी वेगाची बेरीज, बदलत नाही. अट एवढीच की द्रवात चिकटपणा नसावा आणि घनता फक्त दाबावर ठरावी.

काल विमानाच्या पंखाचं प्रकरण सुरू झालं. पंखाच्या प्रत्येक मीटर लांबीवरची लिफ्ट म्हणजे घनता × वेग × सर्क्युलेशन, हे कुटा आणि झुकॉव्हस्कीचं सूत्र. आणि इथेच माझं अडलं. विमान धावपट्टीवर उभं असताना हवा स्थिर असते. त्या हवेतली कुठलीही माळ घेतली तरी सर्क्युलेशन शून्य. सिद्धांत म्हणतो की ते शून्यच राहणार. मग उडताना पंखाभोवती ते आलं कुठून?

वर्गात विचारलं तर 'व्हिस्कॉसिटीमुळे' एवढंच उत्तर मिळालं. पण व्हिस्कॉसिटी असेल तर सिद्धांत लागूच नाही, आणि नसेल तर लिफ्ट नाही. दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

तर्कट · सोमवार, रात्री ११:१५

तुमच्या सरांचं बरोबर आहे. केल्विनचा सिद्धांत आदर्श द्रवासाठी आहे आणि खऱ्या हवेला चिकटपणा असतो. पंखाला चिकटलेल्या पातळ थरात तो सर्क्युलेशन तयार करतो आणि त्यावर पंख उचलला जातो. म्हणजे खऱ्या हवेत सिद्धांत मोडला, विषय संपला. परीक्षेपुरता तो लक्षात ठेवा, विमानाच्या बाबतीत विसरलात तरी चालेल.

---

जुनापंखा · मंगळवार, सकाळी ६:५०

तर्कट, पातळ थराबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण सिद्धांत विसरा म्हणालात ते मला पटत नाही. माझी बरीच वर्षं विंड टनेलमध्ये गेली, आणि या प्रश्नाचं उत्तर सिद्धांत मोडून मिळत नाही. तो घट्ट धरून ठेवला तरच मिळतं.

निळीशाई, आकडे घेऊन बघूया. पुढून मागे पंखाची रुंदी १ मीटर, वेग सेकंदाला २० मीटर, समोरच्या हवेशी कोन ५ अंश. पातळ पंखासाठी सर्क्युलेशन येतं π × रुंदी × वेग × कोनाची साइन, म्हणजे सुमारे ५.५ चौरस मीटर प्रतिसेकंद. त्याला हवेची घनता १.२ आणि वेग २० यांनी गुणलं की दर मीटरला सुमारे १३० न्यूटन, म्हणजे १३ किलोचं ओझं उचलण्याइतकी लिफ्ट.

आता पंख हलण्याआधी त्याच्याभोवती दहा मीटर लांबून एक मोठी माळ ओवा. सर्क्युलेशन शून्य. पंख हलवा. त्या माळेपर्यंत चिकटपणाचा परिणाम पोचायला किती वेळ लागेल? अंतराचा वर्ग भागिले हवेची व्हिस्कॉसिटी, म्हणजे १०० भागिले ०.००००१५. सुमारे ६७ लाख सेकंद, अडीच महिने. आपण बघतोय पहिल्या सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून या माळेपुरती हवा निखालस बिनचिकटपणाची धरायला हरकत नाही. माळेच्या आत पंखाच्या अंगाला लागून काय चाललंय याच्याशी सिद्धांताला देणंघेणं नसतं. माळ ज्या कणांतून जाते तिथे चिकटपणाचं बळ नसलं की झालं. म्हणजे मोठ्या माळेभोवतीचं सर्क्युलेशन अजूनही शून्यच आहे.

पंखाभोवती तर ५.५ आलंय. मग त्याच माळेच्या आत कुठेतरी उलट दिशेचं ५.५ असलंच पाहिजे. आणि ते असतं. पंख सुटला त्या जागी, मागे, एक भोवरा पडलेला असतो. त्याला सुरुवातीचा भोवरा म्हणतात. गॅटिंगेनला प्रांटलच्या प्रयोगशाळेत पाण्यावर भुकटी टाकून त्याचे फोटो काढले होते, ते आजही द्रवगतिकीच्या पुस्तकांत छापतात. पंख पुढे निघून जातो आणि भोवरा मागे राहतो. दोघांची बेरीज शून्य.

तो भोवरा पडतो कसा? पहिल्या क्षणी हवा पंखाच्या खालून येऊन मागच्या तीक्ष्ण धारेला वळसा घालून वर चढू बघते. धारेवर वेग प्रचंड, आणि वर गेल्यावर लगेच मंदावायचं. पंखाला घासत आलेल्या थरातली हवा आधीच रेंगाळलेली असते. तिला दाबाचा हा चढ झेपत नाही. ती धारेपाशीच सुटते आणि गुंडाळत जाते. जेवढं गुंडाळलं जातं तेवढंच उलट सर्क्युलेशन पंखाभोवती उरतं. वरची आणि खालची हवा धारेवरून सरळ, गुण्यागोविंदाने सुटू लागेपर्यंत हे चालतं. वॅग्नरने १९२५ मध्ये याचं गणित मांडलं. पंख एकदम सुटला तर लिफ्ट अंतिम मूल्याच्या निम्म्यापासून सुरू होते आणि सहा-एक रुंदी पुढे जाईपर्यंत ९० टक्क्यांवर येते. आपल्या पंखाला त्यासाठी सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो.

---

निळीशाई · मंगळवार, सकाळी ८:०५

काका, मोठ्या माळेचं समजलं. पण मी पंखाला घट्ट लपेटलेली छोटी माळ घेतली, भोवरा बाहेर ठेवला, तर तिच्याभोवती ५.५ येतंच ना? ती माळही हवेच्याच कणांची. ती हवा सुरुवातीला स्थिर होती. तिच्यासाठी सिद्धांत का चालत नाही?

---

जुनापंखा · मंगळवार, दुपारी १:३०

मर्मावर बोट ठेवलंत. आता ती छोटी माळ घेऊन काळ उलटा फिरवा. तिचे कण मागे मागे कुठून आले ते बघा.

माळेला पंखाच्या मागची बाजू कुठेतरी ओलांडावी लागते, आणि तिथे पंखामागून निघालेली पातळ हवेची शेपटी आहे. शेपटीच्या वरच्या अंगाचा कण पंखाच्या वरून आला. त्याला लागून असलेला खालच्या अंगाचा कण पंखाखालून आला. आत्ता ते शेजारी आहेत. काळ मागे नेला की दोघं धारेपाशी पोचतात, आणि तिथून एक वरच्या वाटेने तर दुसरा खालच्या वाटेने मागे जातो. दोघांची फारकत होते आणि माळ उघडते. स्थिर हवेत जाईपर्यंत ती बंद माळ उरतच नाही. आणि सिद्धांत बंद माळेसाठी आहे. याउलट जी माळ सुरुवातीला पंखाभोवती बंद होती ती पंख हलल्यावर लांब ताणली जाते आणि आपल्या पोटात पंख, शेपटी आणि भोवरा हे सगळं घेऊनच राहते.

खऱ्या हवेत ते दोन कण शेजारी येतात तो शिवणीचा भाग चिकटपणाच्या थरातून आलेला असतो. म्हणजे तर्कट म्हणतात तो चिकटपणा नेमका तिथे, काही मिलिमीटर ते दोनेक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्यात काम करतो. बाकी सगळीकडे केल्विन शाबूत आहे.

---

अंगणबंब · मंगळवार, दुपारी ३:१०

नमस्कार. धाग्याचं नाव बघून आलो. सर्क्युलेशनचाच प्रश्न आहे म्हणून विचारतो. आमच्या गच्चीवर सोलर बंब आहे, पंप नसलेला. पाइपांचं कडं असतं ना, पॅनेलमधून तापून टाकीत आणि टाकीतून परत पॅनेलला, तसा. संध्याकाळी टाकीतलं पाणी हाताला सोसत नाही इतकं कढत असतं आणि पहाटे कोमट. बसवून देणारा म्हणतो टाकीचं इन्सुलेशन उत्तम आहे, तुमचाच वापर जास्त. रात्री आम्ही नळ सोडतच नाही. या कड्यातलं सर्क्युलेशन कायम राहत असेल तर रात्री पाणी कुठे फिरतं?

---

तर्कट · मंगळवार, दुपारी ३:४०

बंबकाका, इथे चर्चा वेगळ्या कड्याची आहे, पाइपांच्या नाही. प्लंबिंगसाठी वेगळा धागा काढलात तर बरं.

---

जुनापंखा · मंगळवार, रात्री ९:२०

तर्कट, त्यांना इथेच राहू द्या. त्यांचा बंब म्हणजे सिद्धांताची दुसरी अट मोडल्याचं घरचं उदाहरण आहे. पण ते कळायला आधी सर्क्युलेशन कायम का राहतं ते बघावं लागेल. निळीशाई, पुस्तकातली सिद्धता बाजूला ठेवून बोलतो.

माळेच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर, तुकड्याच्या दिशेतला वेग गुणिले तुकड्याची लांबी. सगळ्याची बेरीज म्हणजे सर्क्युलेशन. ती दोन कारणांनी बदलू शकते. एक, तुकडा स्वतः ताणला किंवा वळला. दुसरं, कणांचा वेग बदलला.

पहिल्याचं असं आहे की तुकडा ताणतो कारण त्याच्या दोन टोकांचे वेग वेगळे आहेत. वेग गुणिले वेगातला फरक म्हणजे वेगाच्या वर्गाच्या निम्म्यातला फरक. माळेवरून पूर्ण फेरी मारून त्याच मण्यावर परत आलात की वेगाचा वर्ग तोच, म्हणून एकूण फरक शून्य. माळ कितीही ताणली तरी चालते ती यामुळे.

दुसऱ्यात बळं येतात. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब सिंहगडासारखा. आतकरवाडीतून निघून कुठल्याही वाटेने हिंडा आणि परत आतकरवाडीत या, जेवढं चढलात तेवढंच उतरलात. दाबाचंही तसंच, पण दाबाच्या उताराला घनतेने भागायचं असतं. घनता सगळीकडे एक असेल किंवा फक्त दाबावर ठरत असेल तर हा भागाकारही एका डोंगराचाच उतार असतो आणि फेरी पूर्ण झाली की बेरीज शून्य. पण त्याच दाबाला एका बाजूला हलका द्रव असेल आणि दुसऱ्या बाजूला जड, तर तो डोंगरच राहत नाही. फेरी मारून परत आलात तरी हातात काहीतरी उरतं. सूत्र लिहायचं तर, Γ सर्क्युलेशन, p दाब, ρ घनता, ν व्हिस्कॉसिटी आणि u वेग धरून:

```
DΓ/Dt = − ∮ dp/ρ + ν ∮ ∇²u · dl
```

उजवीकडचं पहिलं पद बंबाचं, दुसरं चिकटपणाचं.

आता अंगणबंब, तुमचा हिशेब. दिवसा पॅनेलमधला पाण्याचा स्तंभ परतीच्या पाइपमधल्या पाण्यापेक्षा १० अंशांनी गरम धरू, उंची १ मीटर. पाणी अंशाला साधारण ०.०००३ पट फुगतं. ९.८ × ०.०००३ × १० × १ म्हणजे सुमारे ०.०३. एवढं सर्क्युलेशन दर सेकंदाला वाढतं. कड्याची लांबी ६ मीटर धरली तर पाण्याचा वेग दर सेकंदाला अर्धा सेंटिमीटर प्रतिसेकंदाने वाढू बघतो, आणि बारीक नळ्यांमधलं घर्षण तो सेकंदाला तीनेक सेंटिमीटरवर अडवतं. तुमचा बंब पंपाशिवाय चालतो तो असा.

रात्री पॅनेल आकाशाकडे तोंड करून थंड होतं. टाकी पॅनेलच्या वर असेल तर जड थंड पाणी सगळ्यात खाली बसतं, हलकं गरम पाणी वर. समान दाबाचे आणि समान घनतेचे थर एकमेकांना समांतर, म्हणून वळवणारं काही नाही आणि पाणी थांबतं. पण टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा खाली असेल तर तेवढ्या उंचीत थंड स्तंभ आणि गरम स्तंभ शेजारी शेजारी उभे राहतात. ४० सेंटिमीटरचा असा भाग असेल, टाकी ६० अंशांवर आणि पॅनेल २० वर, तर घनतेत दीड टक्का फरक. ९.८ × ०.०१५ × ०.४ म्हणजे सुरुवातीला ०.०६, दिवसाच्या दुप्पट. पाणी उलट फिरायला लागतं. रात्रभर तुमची टाकी पॅनेल तापवत बसते आणि पॅनेल ती उष्णता आभाळाला देऊन टाकतं.

पहाटे चारला गच्चीवर जाऊन पॅनेलच्या वरच्या टोकाकडून टाकीकडे जाणारा पाइप हाताने चाचपा, पॅनेलच्या बाजूला. तो गार असेल तर माझं म्हणणं चूक.

---

दर्यावर्दी_मालवण · बुधवार, सकाळी ७:३०

जुनापंखा काका, हे वाचून एक विचारावंसं वाटलं. आमच्याकडे शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. माझे आजोबा शिडाची होडी मतलईवर बाहेर काढायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परत आणायचे. एप्रिलमध्ये अकरा-साडेअकराला समुद्र आरशासारखा असतो, मग लांबवर एक गडद रेघ दिसते आणि ती सरकत किनाऱ्याला येते. तोच वारा. हासुद्धा बंबाचाच प्रकार का? आणि बंबाचाच असेल तर तो वादळासारखा वाढत का जात नाही?

---

जुनापंखा · बुधवार, सकाळी ९:००

तोच प्रकार. ती गडद रेघ म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी पाण्यावर उठलेल्या बारीक लहरी. नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेसने १८९८ मध्ये केल्विनचा सिद्धांत अशा हवेसाठी वाढवला आणि हवामानशास्त्राला त्याचा फार उपयोग झाला.

मालवणला धरून आकडे मांडतो. माळ अशी: समुद्रावर २० किलोमीटर, जमिनीवर २० किलोमीटर, उंची सुमारे १ किलोमीटर, जिथे दाब १००० वरून ९०० मिलिबारवर येतो. जमिनीवरची हवा सरासरी ५ अंशांनी गरम. सर्क्युलेशन वाढण्याचा दर म्हणजे हवेचा वायू-स्थिरांक २८७ × दोन दाबांच्या गुणोत्तराचा लॉग ०.१०५ × तापमानातला फरक ५, म्हणजे सुमारे १५०. माळेची लांबी ८२ किलोमीटर. भागलं की दर सेकंदाला ०.००१८ मीटर प्रतिसेकंद, तासाभरात साडेसहा मीटर प्रतिसेकंद.

तुमचा दुसरा प्रश्न नेमका आहे. हे असंच वाढलं तर चार वाजेपर्यंत तुफान व्हायला हवं. होत नाही, कारण थंड हवा स्वतःच जमिनीवर शिरते आणि तापमानातला फरक खाऊन टाकते. शिवाय जमिनीलगतचं घर्षण आणि हवेची घुसळण वेग ओढून धरतात. आणि काही तासांनी पृथ्वीच्या फिरण्याचाही हिशेब धरावा लागतो. केल्विनचा नियम फिरत्या पृथ्वीवरून मोजलेल्या वेगांना जसाच्या तसा लागत नाही, माळेने किती क्षेत्र कवेत घेतलंय त्याप्रमाणे दुरुस्ती लागते. म्हणून दुपार कलली की खारा वारा उजवीकडे वळू लागतो, पश्चिमेचा वायव्येकडे सरकतो. तुमचा अनुभव काय?

---

दर्यावर्दी_मालवण · बुधवार, सकाळी ९:४५

अगदी तसाच. चार-साडेचारला तो वायव्येचा होतो. आम्ही समजायचो किनाऱ्याच्या वळणामुळे होतं.

---

रेघोट्या · बुधवार, रात्री १०:१०

मला एका जागी हरकत घ्यायची आहे. मी पंखांभोवतीचे प्रवाह संगणकावर सोडवते. व्हिस्कॉसिटीचं पद पूर्ण काढून टाकते, ऑयलरची समीकरणं शुद्ध स्वरूपात. पंख स्थिर हवेतून सोडते. तरी सुरुवातीचा भोवरा पडतो, लिफ्टही बरोबर येते. म्हणजे चिकटपणाशिवाय हे होतं. तीक्ष्ण धार पुरेशी आहे. मग 'चिकटपणा धारेपाशी काम करतो' हे सांगायची गरज काय?

---

जुनापंखा · गुरुवार, सकाळी ७:१५

ताई, पद तुम्ही काढलंत, पण संगणक हवेच्या ज्या चौकटी पाडतो त्या जाळीने ते मागच्या दाराने आत आणलंय. चौकटींमध्ये वेगाची सरासरी काढताना थोडी उधळण होतेच, आणि धारेपाशी जिथे वेग अनंताकडे जायला बघतो तिथे ती सगळ्यात जास्त. ती नकली व्हिस्कॉसिटीच आहे. ओळखायचं असेल तर मागची धार गोल करा, लंबवर्तुळ घ्या. जाळी बारीक करत गेलात की लिफ्टचा आकडा हलत राहील.

---

रेघोट्या · गुरुवार, रात्री ९:५५

लंबवर्तुळाचं मान्य, मी ते पाहिलंय. आकडा खरंच हलतो. पण तीक्ष्ण धारेच्या पंखाला जाळी दुप्पट, चौपट बारीक केली तरी लिफ्ट हलत नाही. नकली चिकटपणा कमी कमी होत गेला तरी उत्तर तेच राहतं. म्हणजे उत्तर चिकटपणाच्या मापावर ठरत नाही, धारेच्या आकारावर ठरतं. माझा मुद्दा तो आहे.

---

जुनापंखा · शुक्रवार, सकाळी ७:००

माप किती हे महत्त्वाचं नाही, इथे आपलं एकमत आहे. माझं म्हणणं एवढंच की ते शून्याजवळ असणं आणि शून्य असणं यात फरक पडतो. १९५७ मध्ये क्रेग आणि पेलम यांनी अतिप्रवाही, म्हणजे चिकटपणाच नसलेल्या, हीलियममध्ये पंख ठेवून पाहिलं. संथ प्रवाहात लिफ्ट मिळाली नाही. वेग एका मर्यादेच्या वर नेला तेव्हाच ती आली.

---

रेघोट्या · शुक्रवार, दुपारी १२:२०

हीलियमच्या भोवऱ्यांचं सर्क्युलेशन ठरावीक टप्प्यांत येतं, हवं तेवढं नाही. तिथला भोवरा न सुटण्याचं कारण तेही असू शकतं. त्यावरून हवेबद्दल निष्कर्ष काढायला माझं मन धजत नाही. पण लंबवर्तुळ वेगवेगळ्या जाळ्यांवर पुन्हा चालवून बघते.

---

निळीशाई · शनिवार, सायंकाळी ६:३०

आज घरी करून पाहिलं. आईची पितळी परात घेतली, त्यात १ सेंटिमीटर पाणी. वर मिरपूड भुरभुरली. जुनं प्लास्टिकचं कार्ड उभं धरलं, ५.४ सेंटिमीटरची बाजू पाण्यात तळाला टेकवून, जायच्या दिशेशी १५ अंश तिरकं. पाणी पूर्ण शांत होऊ दिलं, याला पाचेक मिनिटं लागली. मग कार्ड एकदम सेकंदाला १० सेंटिमीटरच्या अंदाजाने सरकवलं.

भोवरा दिसला! कार्डाच्या मागच्या कडेला, सुटल्या जागी, मिरपूड गरकन फिरली. मग कार्ड १२ सेंटिमीटरवर एकदम थांबवून उचललं, तर तिथे दुसरा भोवरा सुटला, पहिल्याच्या उलट फिरणारा. आणि दोघे मिळून हळूहळू एका बाजूला सरकायला लागले. कार्ड ज्या बाजूला ढकललं जात होतं त्याच्या बरोबर उलट बाजूला.

पण एक अडचण आहे. तुमच्या सूत्राने सर्क्युलेशन काढलं तर ४४ चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद येतं. आमच्या पुस्तकात चिकटपणाने विरणाऱ्या भोवऱ्याचं सूत्र आहे. त्यात १ सेंटिमीटर त्रिज्येची माळ घेऊन १० सेकंदांनी किती उरेल ते काढलं, तर ९२ टक्के उरायला हवं. माझा भोवरा आठ-दहा सेकंदांत जवळजवळ थांबला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

---

जुनापंखा · शनिवार, रात्री ८:१०

वा, थांबतानाचा भोवरा मीच सांगायचा राहिलो होतो, तुम्ही स्वतः शोधलात. ती जोडी ज्या बाजूला सरकते तिकडे पाण्याला संवेग मिळाला. कार्डाला मिळालेल्या लिफ्टची ती दुसरी बाजू आहे, डोळ्यांनी दिसणारी.

विरण्याचं सूत्रही बरोबर आहे, पण ते तळ नसलेल्या भोवऱ्याचं आहे. तुमच्या परातीला तळ आहे आणि पाणी फक्त १ सेंटिमीटर. तळाशी पाणी थांबलेलं असल्याने तिथे दाबाचा उतार त्याला आत, मध्याकडे ढकलतो. ते मध्यावर वर चढतं आणि पृष्ठभागावरून बाहेर पसरतं. असं सगळं पाणी तळाच्या थरातून फिरून येतं आणि वेग गमावतं. त्याला लागणारा वेळ काढायचा तर खोलीला (व्हिस्कॉसिटी × फिरण्याचा वेग) याच्या वर्गमुळाने भागायचं. १ सेंटिमीटरवर तुमचा भोवरा सेकंदाला सुमारे ७ रेडियनने फिरतो. म्हणजे साधारण चार सेकंद. दोन-तीनदा तेवढा वेळ गेला की संपलं. तुमच्या आठ-दहा सेकंदांशी जुळतं.

खात्री करायची तर मिरपुडीबरोबर चहाची वापरलेली पत्ती टाका, ती तळाला बसते. ती भोवऱ्याच्या मध्यात गोळा झाली तर दोषी तळ. मग पाणी ३ सेंटिमीटर करून बघा.

---

अंगणबंब · रविवार, सकाळी ६:१५

पहाटे चारला गच्चीवर गेलो. वरचा पाइप पॅनेलच्या बाजूला चांगला गरम होता, पॅनेलची काचही वरच्या अंगाला कोमट. फूटपट्टीने मोजलं, टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा ३५ सेंटिमीटर खाली आहे. बसवणाऱ्याला फोटो दाखवला तर तो उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह टाकू म्हणतो. चालेल का?

---

जुनापंखा · रविवार, सकाळी ७:४०

स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नको. दिवसाचं ते ०.०३ म्हणजे फक्त ३ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब. तेवढ्याने स्प्रिंग उघडणार नाही आणि दिवसाही पाणी फिरायचं बंद होईल. स्टँड उंच करून घ्या, टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी वर येऊ द्या.

---

तर्कट · रविवार, सकाळी १०:३०

बंबकाका, प्लंबिंगचा धागा काढा म्हणालो होतो ते मागे घेतो. आणि जुनापंखा, छोट्या माळेचं उघडणं मी कागदावर काढून पाहिलं, आता पटलं. एक मात्र अजून कळलं नाही. शेपटीतून सतत हवा जात असते आणि छोटी माळ शेपटीला छेदते, तर त्यातून सर्क्युलेशन गळत का नाही?

---

जुनापंखा · रविवार, दुपारी १२:००

शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागात गिरकी एका दिशेची, खालच्या अर्ध्यात उलट. स्थिर वेगाने उडताना दोन्ही सारख्याच मापाने बाहेर जातात, म्हणून निव्वळ काही गळत नाही. वेग किंवा कोन बदलला की तोल बिघडतो, आणि जेवढा बिघडतो तेवढा नवा भोवरा शेपटीत सुटतो. वाऱ्याच्या झोतात सापडलेला पंख असे छोटे भोवरे सारखे सोडत असतो.

---

निळीशाई · रविवार, रात्री ९:३०

चहाची पत्ती मध्यात गोळा झाली, अगदी छोटा ढीग. ३ सेंटिमीटर पाण्यात भोवरा पंचवीस सेकंदांपर्यंत ओळखू येत होता. पण या वेळी जोडी सरळ न जाता वळत वळत गेली, दर वेळी पहिल्या भोवऱ्याच्या बाजूला. बहुतेक माझा हात थांबताना नीट थांबत नाही आणि दुसरा भोवरा कमी ताकदीचा सुटतो. उद्या कार्ड पट्टीला बांधून, पट्टी टेबलाच्या कडेला टेकवून सरकवते. तरी वळली तर फोटो टाकते.